पंचगंगेच्या पातळीचा बॉट: तीच पोस्ट पुन्हा, बॉटचं लेबल आणि खातं उडण्याची धास्ती

नदीकाठचा

पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून आत्ताच विचारून ठेवतो. एक्सवर पंचगंगेच्या पातळीचं खातं सुरू करायचं आहे. पोस्ट मी टाकणार नाही, स्क्रिप्ट टाकेल. राजाराम बंधाऱ्याची पातळी प्रशासनाकडून पावसाळ्यात दिवसातून अनेकदा जाहीर होते. स्क्रिप्ट तो आकडा उचलते आणि एवढंच लिहिते: "राजाराम बंधारा ३१ फूट ४ इंच. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट." २०१९ आणि २०२१ ज्यांनी कोल्हापुरात काढलंय त्यांना हे कशासाठी ते सांगायला नको. आकडे ग्रुपवर फिरतात, पण कुठला सकाळचा आणि कुठला कालचा याचा पत्ता नसतो.

चाचणीच्या खात्यावर दर तासाला पोस्ट लावून बघितली. पहिली गेली. तासाभरात पाणी हललं नाही, मजकूर तोच राहिला, आणि दुसऱ्या वेळी हे आलं:

```
403 Forbidden
You are not allowed to create a Tweet with duplicate content.
```

आता प्रश्न. यातून वाट कशी काढायची? बॉटचं लेबल लावलं तर फायदा की तोटा? करवीर, शिरोळ आणि हातकणंगले अशी तीन खाती काढून तिन्हीकडे तीच पोस्ट टाकायचा विचार आहे, लोक आपापल्या तालुक्याचं नाव बघून येतात म्हणून. शिवाय पुराच्या दिवसांत जो हॅशटॅग वर असेल तो पोस्टला जोडायचा, आणि तो वापरणाऱ्यांना आपोआप ताजी पातळी उत्तरात द्यायची. एवढं सगळं केलं आणि नेमकं पुराच्या रात्री खातं उडालं तर सगळंच मुसळ केरात.

खट्याळ_खार

एवढं काय त्यात भावा. पोस्टच्या शेवटी वेळ चिकटव. "सायं. ५:०२", पुढची "सायं. ६:०२". मजकूर वेगळा झाला, `403` गेला. लेबल लावून टाक, मग बिनधास्त. आपण बॉट आहोत हे कबूल केल्यावर कोण काय करणार?

बंड्या_बे_एरिया

खारीचा वाटा अर्धा घ्या, अर्धा परत करा.

वेळ टाकली की `403` जातो, हे खरं. ती तपासणी मजकुराची असते. नवा मजकूर त्या खात्याच्या अलीकडच्या पोस्टशी ताडून बघतात, जुळला की अडवतात. पण `403` म्हणजे धोरण नव्हे, ते फक्त दारावरचं फाटक आहे. एक्सच्या ऑटोमेशन नियमांत मनाई "तंतोतंत तीच" एवढ्यापुरती नाही, "बऱ्याच अंशी सारखी" पोस्टही त्यात येते, एका खात्यावर असो की तुम्ही चालवत असलेल्या अनेक खात्यांवर. दिवसभरात चोवीस पोस्ट, सगळ्यांत ३१ फूट ४ इंच आणि बदलते फक्त वेळ, तर फाटकातून सगळ्या आत जातील. नियमाच्या बाजूने मात्र तो चोवीस वेळा वाजवलेला एकच भोंगा ठरतो.

वेळ टाकूच नका असं माझं म्हणणं नाही. वेळ ही वाचणाऱ्याच्या कामाची गोष्ट आहे, ती हवीच. पण ती फाटक चुकवण्यासाठी टाकायची नाही. काही जण मजकुरात न दिसणारी अक्षरं पेरतात, टिंबं वाढवतात, कधी एक इमोजी कधी दुसरी लावतात. तसलं काही करू नका. उद्या कोणी खातं तपासायला बसलं तर मजकूर वेगळा दाखवायचा प्रयत्न जाणूनबुजून केलाय, हे त्यातून लगेच दिसतं.

खरा उपाय फार साधा आहे: पाणी हललं नाही तर गप्प बसायचं.

```python
ISHARA, DHOKA = 39 * 12, 43 * 12   # इंचांत

def post_havi_ka(ata, shevatchi, tas):
    for rekha in (ISHARA, DHOKA):
        if (ata >= rekha) != (shevatchi >= rekha):
            return True
    return abs(ata - shevatchi) >= 3 or tas >= 12
```

`shevatchi` म्हणजे शेवटी वाचलेली नव्हे, शेवटी पोस्ट केलेली पातळी. ती फाईलमध्ये लिहून ठेवा, नाहीतर मशीन बंद होऊन चालू झालं की पहिली पोस्ट पुन्हा जाईल. तीन इंच हलली किंवा इशारा-धोक्याची रेघ ओलांडली तर पोस्ट. बारा तास काहीच झालं नाही तर "बदल नाही" एवढी एक, म्हणजे खातं जिवंत आहे हे लोकांना कळतं.

लेबलचं नंतर लिहितो, मुलांना शाळेत सोडायचंय.

स्वाद_गृहउद्योग

नमस्कार. विषय आमच्याही कामाचा आहे म्हणून विचारते. दिवाळीच्या फराळाची यादी आणि भाव मला व्हॉट्सअॅपवर साधारण चारशे ग्राहकांना एकदम पाठवायचे असतात. एक मुलगा सॉफ्टवेअर विकतोय. ते संगणकावर व्हॉट्सअॅप उघडतं आणि एकेकाला आपोआप मेसेज करत जातं. मेसेजच्या पुढे प्रत्येकाचं नाव लावतं म्हणजे मेसेज वेगळा होतो, असं तो म्हणतो. घ्यावं का? चकली-लाडवाला बॉटचं लेबल लावावं लागेल का?

मोडका_कीबोर्ड

ताई, धागा एक्सचा आहे, पण तुमचं उत्तर त्याहून सोपं आहे: घेऊ नका. आपोआप किंवा घाऊक मेसेज पाठवायला व्हॉट्सअॅपच्या अटींतच मनाई आहे. ते सॉफ्टवेअर नेमकं तेच करतं, आणि नाव बदलल्याने त्यात फरक पडत नाही. २०२१ च्या आयटी नियमांमुळे व्हॉट्सअॅप भारतातला मासिक अहवाल काढतं. +९१ ने सुरू होणारी किती खाती बंद केली ते त्यात असतं, एकदा बघा. तुमचा नंबर म्हणजे तुमचं दुकान. तो गेला तर विकणारा मुलगा फोन उचलणार नाही.

त्यांचीच ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. एका यादीत २५६ जण बसतात, तुमच्या दोन याद्या होतील. एकच अडचण आहे. ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. फराळाच्या डब्यावर "नंबर सेव्ह करा" अशी चिठ्ठी लावा.

स्वाद_गृहउद्योग

डब्यावर चिठ्ठी असतेच, त्यावर पत्ता आहे. नंबर सेव्ह करा हे लिहायला हवं. धन्यवाद.

वैदेही_कृष्णाकाठ

बंड्या, तुमच्या कोडमध्ये एक गोम आहे. पाणी रेघेपाशी आलं की तिथेच घुटमळतं. आमच्याकडे सांगलीत आयर्विन पुलापाशी हे दरवर्षी बघते, इशारा ४० फूट, धोका ४५. इंचभर वर, इंचभर खाली, असं तासन् तास चालतं. आकडे घालून बघा. शेवटची पोस्ट सकाळी सहाला ३८ फूट ७ इंचांची. आठला ३८-१०, तीन इंच वाढले म्हणून पोस्ट. दहाला ३८-११, गप्प. बाराला ३९-०, इशारा पातळी गाठली, पोस्ट. दोनला तेवढंच, गप्प. चारला ३८-११, तुमच्या कोडप्रमाणे रेघ खाली ओलांडली म्हणून पोस्ट. सहाला ३९-१, पुन्हा ओलांडली, पुन्हा पोस्ट. चार ते सहा या दोन तासांत आधी "इशारा पातळीखाली" आणि मग "इशारा पातळी ओलांडली". नियमांचं राहू द्या, माणसं वेडी होतील. खालच्या गल्लीतल्या बाईने सामान वर न्यायचं की परत खाली आणायचं?

बंड्या_बे_एरिया

मान्य, शंभर टक्के. वर जाताना रेघ ३९ ला, पण खाली उतरली असं ३८-९ च्या आधी म्हणायचं नाही. म्हणजे खाते सध्या "इशाऱ्यावर" आहे की "इशाऱ्याखाली" ही स्थिती वेगळी जपायची आणि उतरताना तीन इंचांची सूट द्यायची. मग वैदेहींच्या उदाहरणातल्या चार आणि सहाच्या दोन्ही पोस्ट गळतात. सहा, आठ आणि बारा या तीनच उरतात.

यातूनच आणखी एक निघतं. चढताना ३९-० ची पोस्ट गेली, दोन दिवसांनी उतरताना पुन्हा ३९-० ची जाईल. मजकूर तोच, पण बातमी उलटी. मधल्या काळात पोस्ट थोड्याच गेल्या असतील तर आधीची अजून "अलीकडची" असू शकते आणि खरी बातमी `403` वर अडेल. म्हणून तारीख, वेळ आणि "पाणी वाढतंय" किंवा "उतरतंय" हे प्रत्येक पोस्टमध्ये असू द्या. हा मजकूर वेगळा दाखवायचा खटाटोप नाही, तो खरोखरच वेगळा असतो.

आता लेबल. २०२१ च्या सप्टेंबरात त्यांनी ते चाचणीसाठी काढलं, २०२२ च्या फेब्रुवारीपासून सगळ्यांना दिलं. बॉटच्या खात्यात लॉगिन करून सेटिंगमध्ये `Your account`, त्यात `Account information`, त्यात `Automation`. तिथे हे खातं सांभाळणाऱ्या माणसाचं खातं जोडायचं, त्यासाठी त्या दुसऱ्या खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो. मग प्रोफाईलवर नावाखाली `Automated by` आणि पुढे त्या माणसाचं खातं दिसतं.

खारीने वर लिहिलंय की लेबल लावलं की बिनधास्त. तसं अजिबात नाही. लेबल ही ओळख आहे, माफी नाही. लेबल लावलेल्या खात्यालाही तीच पोस्ट पुन्हा टाकायला मनाई, आपोआप लाईक करायला मनाई, घाऊक फॉलो करायला मनाई. उलट बाजूही सांगतो. लेबलची ती सोय वापरायची की नाही हा तुमचा प्रश्न, पण हे खातं बॉट आहे आणि त्यामागे कोण आहे हे स्पष्ट दिसलं पाहिजे, असं डेव्हलपर धोरण म्हणतं. सेटिंग नाही वापरलं तर परिचयात लिहा. लपवून चालणार नाही.

नदीकाठचा

"मागे कोण आहे" इथेच माझी गाडी अडते. मी नोकरीत आहे, शाळेवर. आपत्तीसंबंधी आकडे गुरुजी स्वतःच्या खात्याच्या नावाने जाहीर करतात, असा अर्थ कोणी काढला तर नसता ताप. माझं नाव न दिसता हे होईल का?

बंड्या_बे_एरिया

नाव म्हणजे आधार कार्ड नव्हे. जबाबदार कोण आणि त्याला गाठायचं कसं, हे दिसलं पाहिजे. पण कोणीच नाही असं चालत नाही. एखाद्या मंडळाचं, संस्थेचं खातं असेल आणि ते खरंच माणसं चालवत असतील तर त्याला जोडा.

नदीकाठचा

आमच्या तालमीचं खातं आहे. त्यावर फक्त गणपतीचे आणि फुटबॉलच्या सामन्यांचे फोटो असतात.

खट्याळ_खार

म्हणजे पंचगंगेची पातळी `Automated by` तालीम मंडळ. कोल्हापुरात यापेक्षा भरवशाचं काही नाही 😄

मोडका_कीबोर्ड

तालीम चालेल, पण खात्याचं नाव सांभाळा. "कोल्हापूर पूर नियंत्रण कक्ष" असलं काही ठेवलंत तर लोकांना ते सरकारी वाटेल, आणि सरकारी असल्याचं सोंग हा वेगळाच गुन्हा आहे, तोतयागिरीत मोडतो. "पंचगंगा पातळी, अनधिकृत" असं ठेवा आणि परिचयात आकडे कुठून येतात ते लिहा.

मी मॅस्टोडॉनवर एक बॉट चालवतो, हवेच्या प्रदूषणाचा. तिथे हा सगळा मामला जास्त सरळ आहे. प्रोफाईलमध्ये हे आपोआप चालणारं खातं आहे असा एक चौकोन असतो, टिचकी मारली की बॉटची खूण येते. पण तिथे प्रत्येक सर्व्हरचा मालक वेगळा, नियम वेगळे. बॉटसाठीच काढलेला `botsin.space` हा सर्व्हर २०२४ च्या शेवटी बंद पडला, तेव्हा आम्हा सगळ्यांना बिऱ्हाड हलवावं लागलं. बहुतेक ठिकाणी सांगतात की बॉटच्या पोस्ट सार्वजनिक यादीत ओतू नका, `unlisted` ठेवा. तुम्हाला फॉलो करणाऱ्यांना दिसतातच.

दुहेरी पोस्टचा एक प्रकार मात्र दोन्हीकडे येतो आणि त्यात तुमचा हेतू वगैरे काही नसतो. पुराच्या दिवसांत नेट लंगडतं. स्क्रिप्टने पोस्ट पाठवली, ती तिकडे पोचलीही, पण "पोचली" हे उत्तर यायच्या आत कनेक्शन तुटलं. स्क्रिप्टला वाटलं गेली नाही, तिने पुन्हा पाठवली. मॅस्टोडॉनवर अशाने सरळ दोन पोस्ट दिसतात. त्यावर इलाज म्हणून विनंतीसोबत `Idempotency-Key` नावाचं हेडर पाठवायचं. एका आकड्यासाठी एकच किल्ली:

```
Idempotency-Key: rajaram-2025-07-25-1200
```

त्याच किल्लीची दुसरी विनंती तासाभराच्या आत आली तर नवी पोस्ट होत नाही, जुनीच परत मिळते. एक्सवर तुमच्या त्या `403` चाच उपयोग होतो. फेरप्रयत्नाला डुप्लिकेटचा `403` आला तर समजायचं की पहिली गेली होती. "गेली" म्हणून नोंद करायची आणि थांबायचं. बरेच जण उलटं करतात: `403` आला की पाच सेकंदांनी परत, परत, परत. बॉट बिघडलाय हे बाहेरून याच गोष्टीवरून कळतं. `429` वेगळा, तो कोटा संपल्याचा. त्यात `x-rate-limit-reset` या हेडरमध्ये कधी मोकळं होणार ती वेळ सेकंदांत दिलेली असते, तोवर झोपायचं.

जत्रेतला_पाळणा

आमची गोष्ट थोडी वेगळी. एका प्लॅटफॉर्मवर, नाव नको, गावच्या क्रिकेट स्पर्धेचे गुण आपोआप टाकणारं खातं होतं. सामना रंगात आल्यावर खातं कुलूपबंद झालं. उडवलं नव्हतं, फक्त कुलूप. फोन नंबरवर येणारा कोड टाका, लगेच उघडतो, असं लिहिलं होतं. पण नंबर होता आमच्या सागरचा. तो तोवर पुण्याला नोकरीला गेलेला, ते सिम बंद केलेलं. खात्याचा ईमेलही त्याच्याच कॉलेजचा, तोही गेलेला. पाच मिनिटांचं काम होतं, आम्ही अंतिम सामना खडूने फळ्यावर लिहिला.

बंड्या_बे_एरिया

हे फार कामाचं सांगितलंत. खातं "उडालं" या एका शब्दाखाली लोक तीन वेगळ्या गोष्टी घालतात आणि तिन्हींवर इलाज वेगळा. कुलूप लागलं तर फोन किंवा ईमेल पडताळून निघतं, म्हणून दोन्ही चालू आणि तुमच्याच हातात हवेत. दुसरी पायरी, ॲपचा लिहायचा हक्क काढतात. तेव्हा खात्यात हाताने लॉगिन करून पोस्ट जाते, पण स्क्रिप्टची जात नाही. काय बिघडलंय ते ओळखायची सोपी खूण हीच: आधी हाताने एक पोस्ट टाकून बघा. तिसरी पायरी, खातंच निलंबित. तिथे अपिलाचा फॉर्म भरायचा आणि वाट बघायची. या तिसऱ्या पायरीवर कोणी घाईने नवं खातं काढून तीच स्क्रिप्ट त्यावर जोडतं. निलंबित खात्याच्या जागी दुसरं उभं करणं हाच मुळात निलंबनाचा मुद्दा आहे. मग पहिलं परत मिळायची आशाही संपते.

आणखी एक, ब्राउझर चालवणारी स्क्रिप्ट नको. एपीआयची किल्ली घ्यायचा कंटाळा करून काही जण वेबसाईटच उघडून बटण दाबायला लावतात. एपीआय सोडून केलेल्या ऑटोमेशनला कायमचं निलंबन होऊ शकतं, असं नियमांत थेट लिहिलंय. तिथे पायऱ्याबियऱ्या नाहीत.

नदीकाठचा

एपीआयच वापरतोय. तीन खात्यांचं आणि हॅशटॅगचं राहिलं.

बंड्या_बे_एरिया

तीन खाती: नको. २०१८ च्या फेब्रुवारीत ट्विटरने हेच बंद केलं. एका माणसाने अनेक खात्यांवरून तोच किंवा बराचसा तोच मजकूर टाकणं, मग ते एकाच वेळी असो किंवा वेगवेगळ्या वेळा लावून. त्या वर्षीच्या २३ मार्चपर्यंत सगळ्या ॲपवाल्यांना मुदत दिली होती. तेव्हा त्यांनी पर्याय म्हणून सुचवलं होतं की एका खात्यावरची पोस्ट तुमच्याच मोजक्या वेगळ्या खात्यांवरून रीट्वीट करा, पण घाऊक नको. तुम्हाला त्याचीही गरज नाही. बंधारा एक, आकडा एक, खातं एक. पोस्टमध्येच "करवीर, हातकणंगले, शिरोळ" लिहा, शोधणाऱ्याला सापडेल.

हॅशटॅग: चर्चेत असलेला विषय बघून आपोआप तो चिकटवणं हे नियमांत स्वतंत्रपणे मना केलंय. तुमचा एक ठरलेला हॅशटॅग बारा महिने असेल तर गोष्ट वेगळी. आणि आपोआप उत्तरं: शब्द शोधून अनोळखी माणसाला उत्तर देणं नाही म्हणजे नाही. ज्याने स्वतःहून विचारलं, म्हणजे तुमच्या खात्याला टॅग करून "पातळी?" म्हटलं, त्याला उत्तर देता येतं, एका विचारण्याला एकच. आणि "नको" म्हणायची सोपी सोय ठेवावी लागते.

सदू_शंकेखोर

मघापासून वाचतोय. बंड्या, तुम्ही २०१८ चा नियम सांगितलात पण त्यातला अपवाद गिळलात. हवामान, आपत्ती, भूकंप-त्सुनामीचे इशारे असल्या लोकहिताच्या सूचनांना तिथे सूट दिली होती. पुराची पातळी आपत्ती नाही तर काय सत्यनारायण आहे? मग तीन खाती का नकोत?

बंड्या_बे_एरिया

गिळला नाही, विश्वास ठेवला नाही. अपवाद आहे, बरोबर. पण तुमचं खातं त्यात बसतं हे ठरवणार कोण? तुम्ही नाही. पोस्ट आधी अडते आणि अपवाद तुम्ही नंतर, अपिलात, मांडता. तोवर पूर ओसरलेला असतो.

२०२३ बघा. फुकट एपीआय आवळला, फुकटच्या योजनेत महिन्याला दीड हजार पोस्ट एवढीच मुभा राहिली. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या आपोआप जाणाऱ्या इशाऱ्यांवर गदा आली. न्यूयॉर्कच्या मेट्रो-बसवाल्या एमटीएने एप्रिलअखेर तिथे सेवेच्या सूचना टाकणंच बंद केलं. मग मे महिन्यात कंपनीने जाहीर केलं की पडताळणी झालेल्या सरकारी किंवा सार्वजनिक मालकीच्या सेवांना हवामान, वाहतूक आणि आणीबाणीच्या सूचनांसाठी एपीआय फुकट. शब्द बघा: सरकारी, सार्वजनिक मालकीच्या. तालीम त्यात येत नाही. जपानमध्ये नर्व्ह नावाचं आपत्ती-सूचनांचं लोकप्रिय खातं खासगी कंपनी चालवते. २०२४ च्या एक जानेवारीला नोतोचा भूकंप झाला, आणि नेमकं त्याच दिवशी त्यांच्या आपोआप पोस्ट एपीआयच्या मर्यादेला लागून अडल्या.

सदू_शंकेखोर

ती सूट कोटा आणि पैशाची, मी बोलतोय मजकुराच्या नियमाबद्दल. दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एका दोरीत ओवताय. मजकुराच्या अपवादात "सरकारी" हा शब्द नव्हता.

बंड्या_बे_एरिया

हे मान्य, शब्द नव्हता. तरी मी तीन खाती काढणार नाही.

सदू_शंकेखोर

तुम्ही नका काढू. नियम काय म्हणतो ते मात्र नीट सांगा. भीतीपोटी नियम असतो त्याहून कडक सांगायचा ही आपली जुनी खोड.

वैदेही_कृष्णाकाठ

दोघांचं चालू द्या, मला माझं विचारायचंय. हीच स्क्रिप्ट मी आयर्विनसाठी लावली, खातं वेगळं, माझं, आकडे वेगळे, मजकुराचा साचा मात्र तोच, तर तेही "अनेक खाती" झालं का?

मोडका_कीबोर्ड

माणूस वेगळा, नदी वेगळी, आकडा वेगळा. साचा सारखा असल्याने तुम्ही दोघं एक होत नाही. दोन्ही खाती एकाच माणसाची असती तरी दोघांचं काम वेगळं आहे असं सांगता आलं असतं. मनाई आहे ती एकाच कामासाठी दुसरं खातं काढायला. फक्त दोन गोष्टी करू नका. एकमेकांच्या पोस्ट आपोआप रीट्वीट आणि लाईक करायला लावू नका. आणि दोघांत एकच एपीआय किल्ली नको. गुरुजींच्या ॲपचा लिहायचा हक्क गेला तर तुमचंही बंद पडेल.

कोटाही बघून घ्या. दर तासाला पोस्ट टाकली तर महिन्याला ७२० होतात. बदलावरच टाकली तर कोरड्या महिन्यात साठेक. एपीआयचे दर आणि मर्यादा त्यांनी नंतरही बदलल्या आहेत, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात डेव्हलपर पानावर जाऊन तेव्हाचा आकडा वाचा.

खट्याळ_खार

एक राहिलंच. प्रशासनाचा आकडाच अडकला तर? म्हणजे पानावर सकाळचाच आकडा दुपारभर पडून आहे. बॉट म्हणणार "बदल नाही", आणि तिकडे पाणी दारात.

वैदेही_कृष्णाकाठ

खार, या धाग्यातला हा तुझा पहिला शहाणा प्रश्न.

बंड्या_बे_एरिया

आणि सगळ्यात मोठा. आकड्याची वेळ आणि पोस्टची वेळ वेगळी धरा. "बदल नाही" असं तेव्हाच म्हणायचं जेव्हा आकडा नवा आलाय आणि तेवढाच आहे. आकडाच तीन तासांपूर्वीचा असेल तर पोस्ट अशी: "दुपारी १२ नंतर नवा आकडा आलेला नाही." एकदाच, दर तासाला नको. आणि अशा वेळी माणसाला फोन गेला पाहिजे. मी असतो तर ३९ च्या वर बॉटला एकट्याला सोडलं नसतं. इशारा पातळीच्या पुढे पोस्ट आधी तालमीतल्या कोणाच्या तरी फोनवर, त्याने बघून "हो" म्हटलं की मग खात्यावर.

सदू_शंकेखोर

रात्री तीनला कोण "हो" म्हणणार? पाऊस वेळ बघून येत नाही. तिथेच तर बॉट हवा.

नदीकाठचा

पुराच्या रात्री तालमीत कोणी झोपत नाही सदूभाऊ, तेवढं सोडा. पण दहा मिनिटांत उत्तर आलं नाही तर आपोआप जाऊ द्यावी असं वाटतंय. बंड्या भाऊंचं मत वेगळं असेल.

तीन खाती रद्द. हॅशटॅग आणि आपोआप उत्तरं रद्द, टॅग केलं तरच उत्तर. उतरतानाची तीन इंचांची सूट आज रात्री घालतो. सिमचं बोलायचं तर, मंडळ नोंदणीकृत आहे, पण पदाधिकारी दर वर्षी बदलतात. मंडळाच्या नावाने सिम घेतलंय असं कोणी आहे का इथे? कागद काय लागले?

जत्रेतला_पाळणा

आम्ही नंतर सरपंचांच्या बायकोच्या नावावर घेतलं. त्या कुठे जात नाहीत. मंडळाच्या नावाचं माहीत नाही.